लेख अडीच हजार शब्दांचा, व्हिडिओ नव्वद सेकंदांचा : मधे काय ठेवायचं?

(व्हिडिओ करणाऱ्या तरुण मित्रमैत्रिणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मोठ्या लेखाचा छोटा व्हिडिओ करताना आपण बहुतेक जण एकच काम करतो. लेखातली चांगली चांगली वाक्यं उचलतो, एकाखाली एक लावतो, वर संगीत टाकतो. व्हिडिओ बघायला बरा दिसतो. पण बघणाऱ्याला विचारा की लेखकाचं म्हणणं काय होतं, तर तो म्हणतो, "सापांबद्दल होतं कायतरी." म्हणजे विषय पोचला, म्हणणं राहिलं.

आज मी एकच उदाहरण घेऊन बोलणार आहे आणि शेवटी पूर्ण स्क्रिप्ट वाचून दाखवणार आहे. विषय मुद्दाम सर्पदंशाचा घेतलाय. खानापूरपासून चंदगडपर्यंत, तिकडं डिचोली-सत्तरीपर्यंत, पावसाळ्यात हा विषय घराच्या उंबऱ्यावर असतो. आणि इथं काटछाट चुकली तर एखाद्याच्या जिवावर बेतू शकतं. बाकीच्या विषयांत चुकीची काटछाट लपून जाते, इथं जात नाही.

समजा आपल्यासमोर अडीच हजार शब्दांचा लेख आहे. त्यात काय काय आहे? देशात सर्पदंशानं किती माणसं मरतात, त्याचे आकडे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चार सापांची माहिती. लस कशी तयार होते : घोड्याला विषाची थोडी थोडी मात्रा देतात, मग त्याच्या रक्तातून प्रतिविष काढतात. त्यासाठी लागणारं बरंचसं विष तमिळनाडूतल्या इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेतून येतं, त्यामुळं दुसऱ्या भागातल्या सापांवर लसीचा परिणाम कमीजास्त होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं, आणि केंद्र सरकारनं २०२४ साली २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचा आराखडा जाहीर केला, तेही आहे. गावठी उपाय, प्रथमोपचार, घराभोवतीची काळजी, सगळं आहे. लेख चांगलाच आहे.

आता पहिला प्रश्न : नव्वद सेकंदांत शब्द मावतात किती? यावर वाद घालू नका, मोजा. आपल्या नेहमीच्या बोलण्याच्या वेगानं एक पान मोठ्यानं वाचा, घड्याळ लावा. मराठीत शब्द लांब असतात. "दवाखान्याबाहेर" हा एकच शब्द, पण तोंडात त्याला केवढी जागा लागते बघा. माझा सावकाश वेग मिनिटाला साधारण ११० शब्दांचा पडतो. म्हणजे नव्वद सेकंदांत १६५. पण माणूस श्वास घेतो, मोठ्या वाक्यानंतर ऐकणाऱ्याला क्षणभर थांबावं लागतं. म्हणून मी दीडशेच्या आत राहतो. आकडे अक्षरात लिहून मोजायचे. कागदावर "१०८" हा एक शब्द दिसतो, बोलताना "एकशे आठ" असे दोन होतात.

अडीच हजारांतले दीडशे. म्हणजे सतरा शब्दांतला एक जेमतेम राहणार. इथं "थोडं आखडून घेऊ" हा विचार सोडूनच द्यावा लागतो. लेख आखडत नाही. लेखातला युक्तिवाद बाहेर काढायचा आणि त्याच्यावर नवा मजकूर बांधायचा.

युक्तिवाद बाहेर कसा काढायचा? लेख मिटून ठेवा आणि एक वाक्य लिहा, ज्यात "कारण" किंवा "म्हणून" आलंच पाहिजे. "सर्पदंश ही गंभीर समस्या आहे" हे वाक्य चालणार नाही. त्याला कोण नाही म्हणणार? ज्याला कुणी तरी नाही म्हणू शकेल, ते लेखकाचं म्हणणं. आपल्या लेखाचं वाक्य असं होतं : लस दवाखान्यातच मिळते आणि बाहेरचे उपाय व लक्षणांची वाट बघणं तिथं पोचायचा वेळ खातात, म्हणून साप चावल्याबरोबर, काही होत नसलं तरी, दवाखान्याकडं निघायचं. याला नाही म्हणणारी माणसं आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. "आधी बघू तर, काय होतंय का," म्हणणारी. व्हिडिओ त्यांच्यासाठी आहे.

आता या वाक्यातले दुवे सुटे करा. एक, लस आहे आणि ती दवाखान्यातच देता येते. दोन, बाहेरच्या उपायांत वेळ जातो आणि त्यांचा उपयोग नाही. तीन, लक्षण दिसत नाही म्हणजे धोका नाही असं नसतं. आणि या तिन्हीवरून निघणारं चौथं : लगेच निघा. लेखातला प्रत्येक तपशील हातात घ्या आणि विचारा, हा काढला तर "लगेच निघा" उभं राहतं का? घोड्याची गोष्ट काढली. उभं राहतं. मग घोडा गेला. मला विचाराल तर लेखातला तोच सगळ्यात रंजक भाग आहे, तरी गेला. २०१७, २०२४ गेलं. घराभोवतीची काळजी गेली, तिचा वेगळा व्हिडिओ होऊ दे.

आता मण्यार काढून बघा. मण्यार बहुतेक रात्री चावते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावते. कित्येकदा दुखत नाही, सूज नाही, दाताची खूण नीट दिसत नाही. काही तासांनी पापण्या जड होतात, गिळायला जमत नाही आणि पुढं श्वासाचे स्नायू काम सोडतात. हा तपशील काढला तर तिसरा दुवा तुटतो. मग बघणारा म्हणणार, "दुखत असेल तर जाऊ की." म्हणजे चार सापांतल्या तिघांचं नुसतं नाव येईल आणि मण्यारला तीन वाक्यं मिळतील. लेखात चौघांना सारखी जागा होती म्हणून व्हिडिओतही सारखी द्यायची, असं नाही. जागा दुव्याला द्यायची.

आकड्यांचंही असंच आहे. लेखात मोठा आकडा आहे : २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. हात लगेच त्या आकड्याकडं जातो. मग कुणी तरी भागाकार करतं आणि "दर नऊ मिनिटांना एक मृत्यू" असं वाक्य तयार होतं. हिशेब बरोबर आहे, चित्र चुकतं. हे मृत्यू वर्षभर सारखे होत नाहीत, पावसाळ्याच्या महिन्यांत जास्त होतात. आणि त्याहून महत्त्वाचं, हा आकडा आपल्या युक्तिवादाचा कुठला दुवा पकडतो? कुठलाच नाही. तो फक्त म्हणतो, समस्या मोठी आहे. लेखात दुसरा एक आकडा आहे, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासातला : सर्पदंशाच्या मृत्यूंपैकी सुमारे ७७ टक्के दवाखान्याबाहेर झाले. हा आकडा लहान दिसतो, पण तो थेट आपल्या म्हणण्याला जाऊन लागतो. व्हिडिओत एकच आकडा मावतो. तो हा.

आता तो बोलीत आणताना काळजी बघा. "७७ टक्के" ऐकून डोळ्यासमोर काही येत नाही, म्हणून "चारांतले तीन" म्हणू. हे ठीक आहे, ७५ आणि ७७ मधे फार अंतर नाही. पण पुढं जाऊन "चारांतले तीन दवाखान्यात पोचलेच नाहीत" असं लिहिलं तर? वाक्य जास्त चटकदार झालं आणि खोटं झालं. दवाखान्याबाहेर मेला, म्हणजे तो कधी पोचलाच नव्हता असं अभ्यास म्हणत नाही. कुणी वाटेत गेला असेल, कुणी जाऊन परत आला असेल. म्हणून "जीव दवाखान्याबाहेर गेला" एवढंच. कमी शब्दांत लिहिताना वाक्य धारदार करायचा मोह होतो, आणि अर्थ घसरतो तो नेमका तिथंच. प्रत्येक धारदार वाक्य परत लेखातल्या मूळ वाक्याशेजारी ठेवून बघा.

सगळ्यात अवघड भाग म्हणजे लेखातले "पण". चांगल्या लेखात "पण" पुष्कळ असतात. बहुतेक साप बिनविषारी असतात, पण. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष जातंच असं नाही, पण. लस सगळीकडं सारखी काम करत नाही, पण. हे सगळे खरे आहेत. व्हिडिओत काय करायचं? "बहुतेक साप बिनविषारी असतात" हे वाक्य जसंच्या तसं टाकलं, तर ऐकणारा तेवढंच धरून घरी बसेल. वाक्य खरं आणि परिणाम उलटा. पूर्ण गाळलं, तर प्रत्येक साप विषारी असल्याची भीती आपण पसरवतो, आणि दिसेल तो साप काठीनं ठेचला जातो.

वाट अशी निघते : त्या "पण"मुळं बघणाऱ्यानं काय करायचं, ते लिहा. साप विषारी नसेलही, पण ते ओळखायचं काम आपलं नाही. म्हणून, "साप विषारी होता की नाही, हे दवाखान्यात ठरू दे." नऊ शब्द. त्यात "नसेलही" आहे आणि घरी बसायला जागा नाही. लसीच्या मर्यादेचं तसंच. "लस दिली की माणूस वाचतो" हे लेख म्हणत नाही. म्हणून "वेळेत मिळाली तर जीव वाचू शकतो." यातले "वेळेत", "तर" आणि "शकतो" हे तीन शब्द लेखाचा प्रामाणिकपणा सांभाळतात. संपादन करताना सेकंद कमी पडले की पहिली कात्री याच शब्दांवर चालते. त्यांच्याखाली पेन्सिलीनं रेघ मारून ठेवा.

भाषेचं एक सांगतो. लेखात "सर्पदंश झाल्यास रुग्णाची हालचाल टाळावी" असं असतं. ते तोंडानं म्हणून बघा, कुणी असं बोलतं का? आपण म्हणतो, "चावलेला पाय हलू देऊ नका." तुमच्या भागात "लस" म्हणतात की "सापाचं इंजेक्शन", ते आजूबाजूला विचारा आणि तोच शब्द घ्या. सापाचं नाव गावागणिक बदलतं, म्हणून नाव उच्चारताना त्याचं चित्र पडद्यावर पाहिजेच. आणि आपल्या सीमाभागाची एक सोय आहे : १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा तिन्हीकडं तोच आहे. कुठल्या बाजूचा माणूस व्हिडिओ बघतोय, याची काळजी करायला नको.

आता स्क्रिप्ट. पाच भाग आहेत.

पहिला भाग, १६ शब्द :
"भारतात साप चावून मेलेल्या दर चार जणांतल्या तिघांचा जीव दवाखान्याबाहेर गेला, असं एका मोठ्या अभ्यासात दिसलं."

दुसरा भाग, २९ शब्द :
"आणि औषध तर दवाखान्यातच आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते. ती शिरेतून देतात. डॉक्टरशिवाय देता येत नाही. वेळेत मिळाली तर जीव वाचू शकतो."

तिसरा भाग, ३६ शब्द :
"मग वेळ जातो कुठं? दोरी बांधण्यात. जखम कापण्यात. मंत्र घालण्यात. यातलं काहीच विष काढत नाही. घट्ट दोरीनं तर हात किंवा पाय कायमचा जाऊ शकतो. आणि वेळ जातो वाट बघण्यात. 'दुखत नाही, सूज नाही, मग कशाला जायचं?'"

चौथा भाग, ३१ शब्द :
"मण्यार रात्री झोपेत चावते. बऱ्याचदा दुखत नाही, सुजत नाही. काही तासांनी पापण्या जड होतात, मग श्वास अडकतो. म्हणून लक्षणांची वाट बघायची नाही. साप विषारी होता की नाही, हे दवाखान्यात ठरू दे."

पाचवा भाग, ३४ शब्द :
"तेव्हा साप चावला की एकशे आठला फोन. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढा. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. माणसाला चालवू नका, धीर द्या. साप मारायला थांबू नका. निघा. लस दवाखान्यात आहे, आणि वेळ जातोय."

एकूण १४६ शब्द. माझ्या वेगानं ऐंशी सेकंद. उरलेले दहा सेकंद शांततेला. त्यातले दोन "मग वेळ जातो कुठं?" नंतर आणि दोन "मग श्वास अडकतो" नंतर द्या. तिथं ऐकणारा विचार करत असतो.

चित्रांबद्दल एकच गोष्ट, पण ती विसरू नका. पुष्कळ लोक व्हिडिओ आवाज बंद ठेवून बघतात. तिसऱ्या भागात आवाज म्हणतोय की दोरी बांधण्यात वेळ जातो आणि पडद्यावर कुणी तरी पायाला दोरी बांधतंय. आवाज नसलेल्या माणसानं यातून काय घेतलं? दोरी कशी बांधायची ते! कोपऱ्यात छोटी लाल फुली टाकली तरी लक्षात राहतो तो हात आणि ती दोरी. म्हणून चुकीची कृती दाखवूच नका. त्या जागी घड्याळाचा काटा पुढं सरकताना दाखवा आणि शब्द अक्षरांत लिहा. हालचाल दाखवायची ती फक्त पाचव्या भागातली, बरोबर कृती : फळीचा आधार देऊन सैल गुंडाळलेला पाय, काढलेल्या बांगड्या, गाडीत आडवा ठेवलेला माणूस.

युक्तिवाद टिकला की नाही, हे ओळखायचं कसं? दोन कसोट्या सांगतो. पहिली एकट्यानं करायची. स्क्रिप्टची वाक्यं कापून चिठ्ठ्या करा आणि क्रम बदलून वाचा. क्रम बदलूनही काही बिघडलं नाही, तर तुमच्याजवळ युक्तिवाद नाही, "सर्पदंशाविषयी पाच गोष्टी" अशी यादी आहे. यादीत "म्हणून" नसतो. वरच्या स्क्रिप्टमधे चौथा भाग तिसऱ्याच्या आधी वाचून बघा. "दुखत नाही, मग कशाला जायचं?" या प्रश्नाचं उत्तर प्रश्नाच्या आधीच येतं आणि सगळं ढासळतं. ढासळलं पाहिजे. शेवटच्या भागातल्या सूचना मात्र मागंपुढं झाल्या तर चालतात, कारण तिथं युक्तिवाद संपलाय, फक्त काम सांगायचंय.

दुसरी कसोटी माणसावर. लेख न वाचलेल्या कुणाला तरी, आजीला, शेजारच्या काकांना, व्हिडिओ एकदाच दाखवा. "आवडला का?" विचारू नका, सगळे आवडला म्हणतात. दहा मिनिटांनी स्क्रिप्टमधे नसलेला प्रसंग घाला : "काका, शेतात पायाला साप चावला, शेजारी म्हणतोय पाण्यातला आहे, याला विष नसतं. काय कराल?" काका म्हणाले, "दवाखान्यात जाऊ", तर लगेच विचारा, "का?" त्यांनी "व्हिडिओत सांगितलंय म्हणून" म्हटलं, तर फक्त निष्कर्ष पोचलाय. "शेजाऱ्याला काय कळतंय, विषारी का नाही ते डॉक्टर बघतील, आणि लस तिथंच आहे की," असं म्हणाले, तर अडीच हजार शब्दांचा लेख त्यांच्याजवळ पोचला. मधला एखादा दुवा राहिला असेल, तर कुठला राहिला तेही त्यांच्या उत्तरातच कळतं. मग तेवढाच भाग परत लिहायचा, सगळा नाही.

आणि काही गोष्टी नव्वद सेकंदांत मावतच नाहीत, हेही धरून चाला. ज्या लेखाचं म्हणणं दोन बाजू तोलून "अवलंबून आहे" असं असतं, त्याचा युक्तिवाद असा दुव्यादुव्यानं निघत नाही. त्याचे दोन व्हिडिओ करा, किंवा करू नका. आपल्या लेखातलं लसीच्या प्रादेशिक फरकाचं प्रकरण तसलं आहे. ते महत्त्वाचं आहे, पण ते ऐकायचं कुणी? धोरण ठरवणाऱ्यांनी आणि डॉक्टरांनी. रात्री अडीच वाजता अंगणात उभ्या असलेल्या माणसाला त्यातून काही करता येत नाही. व्हिडिओखाली पूर्ण लेखाचा दुवा द्या, तिथं ते सगळं आहे.

आता कागद काढा. प्रत्येकानं आपल्या लेखाचं ते एक वाक्य लिहायचं, "म्हणून" असलेलं. कॅमेऱ्याला तोवर कुणी हात लावायचा नाही.